शंभर किलोमागे की एका प्रमाण विचलनामागे?

एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशन चालवलं की पडद्यावर जो तक्ता येतो, त्यात प्रत्येक घटकासमोर दोन वेगवेगळे सहगुणक असतात. एका रकान्यावर `B` लिहिलेलं असतं आणि थोडं उजवीकडे दुसऱ्या रकान्यावर `Beta`. माहिती तीच आणि घटकही तोच, पण आकडे वेगळे. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, वाणिज्य, समाजकार्य अशा विषयांत पीएचडी करणारे असंख्य विद्यार्थी इथे अडतात. मग कुणी मोठा दिसणारा आकडा उचलतो, तर कुणी मार्गदर्शकांच्या जुन्या प्रबंधात जो रकाना होता तोच घेतो. पुढे निष्कर्षाच्या प्रकरणात एका रकान्याचा आकडा आणि दुसऱ्या रकान्याची भाषा अशी सरमिसळ होते, आणि वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही अर्थाने खोटं ठरतं.

ही सरमिसळ टाळायची असेल तर एखादं उदाहरण आकड्यांसकट तपासून पाहायला हवं. मी गाड्यांचं उदाहरण घेतो. ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकी मासिकाच्या १९७४ सालच्या अंकांतून घेतलेली ३२ मोटारींची माहिती आहे. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती `mtcars` या नावाने आधीच भरलेली असते, त्यामुळे पुढचा प्रत्येक आकडा कुणालाही घरी पडताळता येतो. या यादीत ८३२ किलोची टोयोटा कोरोला आहे आणि जवळजवळ अडीच टनांची लिंकन कॉन्टिनेंटलही आहे. कोरोला लिटरला सुमारे १४.४ किलोमीटर जाते, लिंकन जेमतेम ४.४. मूळ माहिती मैल, गॅलन आणि पौंडांत आहे. आपण ती किलोमीटर, लिटर आणि किलोत बदलून घेऊ.

प्रश्न साधा आहे. गाडीचं वजन आणि इंजिनाची अश्वशक्ती या दोन्हींवरून ती किती मायलेज देईल याचा अंदाज कसा बांधता येतो? रिग्रेशन या ३२ गाड्यांतून त्यातल्या त्यात जवळ जाणारं समीकरण शोधून देतं. त्यात वजनाचा सहगुणक येतो दर १०० किलोमागे उणे ०.३६ आणि अश्वशक्तीचा येतो दर एका अश्वशक्तीमागे उणे ०.०१४.

हे मूळ एककांतले सहगुणक, म्हणजे `B` रकान्यातले आकडे. त्यांचं वाचन असं: अश्वशक्ती सारखीच असलेल्या दोन गाड्या घेतल्या आणि त्यातली एक १०० किलोने जड असेल, तर तिचं मायलेज सरासरीने लिटरमागे ०.३६ किलोमीटर कमी असेल असा हा अंदाज सांगतो. वजन सारखं असलेल्या गाड्यांत एक जर १० अश्वशक्तीने जोरदार असेल, तर तिचं मायलेज ०.१४ किलोमीटरने कमी. ‘अश्वशक्ती सारखीच असलेल्या’ आणि ‘वजन सारखं असलेल्या’ हे तुकडे वाक्यातून गाळता येत नाहीत. जड गाड्यांना बहुधा इंजिनही मोठंच असतं. या यादीत वजन आणि अश्वशक्ती यांचा सहसंबंध ०.६६ आहे. दुसरा घटक स्थिर धरल्याचं सांगितलं नाही, तर वाचक दोघांचा एकत्रित परिणाम एकाच घटकाच्या नावावर टाकतो.

आता ०.३६ आणि ०.०१४ शेजारी ठेवले की मन लगेच म्हणतं, वजनाचा प्रभाव मोठा आणि अश्वशक्तीचा नगण्य. हा निष्कर्ष काढायला इथे काहीच आधार नाही. वजन मी शंभर किलोंच्या हिशेबात मांडलं म्हणून ०.३६ आलं. किलोच्या हिशेबात मांडलं असतं तर ०.००३६ आलं असतं, टनाच्या हिशेबात ३.६. गाड्या त्याच राहिल्या, नातंही तेच राहिलं, फक्त मापाचं एकक बदललं. त्यामुळे मूळ एककांतल्या सहगुणकांची आकारावरून आपसात तुलना करता येत नाही. मात्र प्रत्येक सहगुणक आपापल्या जागी अर्थपूर्ण असतो, कारण किलो, अश्वशक्ती आणि लिटरमागचे किलोमीटर या गोष्टी वाचकाला ठाऊक असतात.

तुलनेची ही अडचण सोडवण्यासाठी प्रमाणित सहगुणक आला. त्यात प्रत्येक घटक त्याच्या स्वतःच्या पसरणीने मोजतात. ही पसरण म्हणजे प्रमाण विचलन, गाड्या सरासरीपासून साधारणपणे किती इकडेतिकडे विखुरल्या आहेत त्याचं माप. या ३२ गाड्यांत वजनाचं प्रमाण विचलन सुमारे ४४४ किलो आहे, अश्वशक्तीचं ६८.६ आणि मायलेजचं लिटरमागे २.५६ किलोमीटर. आकडेमोड हातानेही होते. दर किलोमागे मायलेज ०.००३६३ किलोमीटरने घटत असेल, तर ४४४ किलोंमागे ते १.६१ ने घटेल. या १.६१ ला २.५६ ने भागलं की ०.६३ येतात. वजनाचा प्रमाणित सहगुणक उणे ०.६३ आला तो असा. अश्वशक्तीसाठी ०.०१३५ गुणिले ६८.६ म्हणजे ०.९३, आणि त्याला २.५६ ने भागून ०.३६. अश्वशक्तीचा प्रमाणित सहगुणक उणे ०.३६. `Beta` रकान्यात हेच दोन आकडे दिसतात.

त्यांचं वाचन आता वेगळं होतं. अश्वशक्ती स्थिर असताना वजन एका प्रमाण विचलनाने वाढलं, तर मायलेज ०.६३ प्रमाण विचलनाने घटतं. या वाक्यात किलो नाहीत, किलोमीटरही नाहीत. वजन पौंडांत मोजा किंवा टनांत, उत्तर ०.६३ च राहतं. अश्वशक्ती नगण्य नव्हती हेही इथे स्पष्ट होतं.

इथवर प्रमाणित सहगुणकाचीच बाजू वरचढ वाटते. ज्यांना घटकांची क्रमवारी लावायची असते ते इथेच थांबतात आणि लिहितात: ‘वजन हा अश्वशक्तीपेक्षा पावणेदोन पट महत्त्वाचा घटक आहे.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे, आणि तो नीट मांडायला हवा.

आपण पसरणीने मोजलं, पण ही पसरण कुणाची? गाड्यांच्या या विशिष्ट यादीची. समजा दुसरी एक यादी आहे. तिच्यात दर किलोमागची आणि दर अश्वशक्तीमागची घट अगदी हीच आहे. वजनाची पसरण, वजन आणि अश्वशक्ती यांचा सहसंबंध आणि समीकरणाने न पकडलेला फरकही तेवढाच आहे. फरक एकच, तिथल्या इंजिनांच्या अश्वशक्तीचं प्रमाण विचलन ६८.६ ऐवजी २० आहे, कारण त्या यादीत स्पोर्ट्स कार नाहीत. हिशेब पुन्हा केला की अश्वशक्तीचा प्रमाणित सहगुणक उणे ०.३६ वरून उणे ०.१३ वर येतो. वजनाचा प्रमाणित सहगुणक उणे ०.६३ वरून उणे ०.७७ वर जातो. वजनाच्या बाबतीत काहीही बदललेलं नाही, त्याची पसरणसुद्धा तीच आहे, तरी त्याचा आकडा वाढला. मायलेजची एकूण पसरण आकुंचन पावली आणि भागाकारात तीच खाली बसते, हे त्याचं कारण. मूळ एककांतले दोन्ही सहगुणक मात्र जागचे हललेले नाहीत.

म्हणजे प्रमाणित सहगुणकात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: नात्याचा उतार किती आहे आणि त्या नमुन्यात घटक किती पसरलेले आहेत. म्हणून दोन शाळांच्या, दोन जिल्ह्यांच्या किंवा स्त्री-पुरुषांच्या गटांत वेगवेगळं रिग्रेशन करून त्यांचे प्रमाणित सहगुणक शेजारी ठेवणं धोक्याचं असतं. आकड्यांतला फरक उताराचा आहे की पसरणीचा, ते त्यांच्यावरून कळतच नाही. अशा तुलनेला मूळ एककांतले सहगुणकच घ्यावेत.

हा वाद जुना आहे. अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ सीवॉल राइट यांनी १९२० च्या आसपास मांडलेले पथ-सहगुणक प्रमाणित स्वरूपाचेच होते. वाद चालू राहिला, तेव्हा १९६० साली त्यांनी दोन्ही प्रकारचे सहगुणक परस्परपूरक आहेत अशी भूमिका घेतली. उलट राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग यांनी १९८६ च्या एका लेखात संशोधकांच्या नेहमीच्या सांख्यिकी चुकांमध्ये प्रमाणित सहगुणकांवरून महत्त्व ठरवण्याची सवयही घातली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने नेमलेल्या कार्यगटाचा १९९९ चा अहवाल व्यवहारी आहे. मोजमापाच्या एककाला प्रत्यक्ष जीवनात अर्थ असेल, उदाहरणार्थ दिवसाला किती सिगारेटी ओढल्या, तर सहसा मूळ एककांतलं माप द्यावं असा त्यांचा कल होता. मला तो पटतो.

मग प्रमाणित सहगुणक कधी घ्यावा? मोजमापाला स्वतःचा अर्थ नसेल तेव्हा. सात प्रश्नांची आत्मविश्वासाची प्रश्नावली आणि तिच्यात ७ ते ३५ गुण, असं माप असेल तर ‘आत्मविश्वास एका गुणाने वाढला’ हे वाचून कुणालाच काही कळत नाही. तिथे ‘एका प्रमाण विचलनाने’ म्हटलं, तर निदान गटात किती वेगळेपण आहे त्याच्या तुलनेत अंदाज येतो. मानसशास्त्रात हे आकडे सर्रास वापरले जातात ते याच कारणाने. पण तिथेसुद्धा प्रमाण विचलन किती होतं हे तक्त्यात द्यावंच लागतं. ते दिलं नाही, तर वाचकाला मूळ एककांकडे परतण्याचा रस्ता उरत नाही.

हो-नाही स्वरूपाच्या घटकांचं प्रमाणीकरण मात्र करू नये. गाडी ऑटोमॅटिक आहे की नाही, कुटुंबाकडे शेती आहे की नाही, अशा घटकाला ० आणि १ हे दोनच आकडे असतात. त्याचं प्रमाण विचलन जास्तीत जास्त ०.५ च्या आसपास असतं. ‘शेती असणं एका प्रमाण विचलनाने वाढलं’ या वाक्याला अर्थ नाही. शेती असते किंवा नसते. तिथे मूळ सहगुणक थेट दोन गटांतला फरक सांगतो, तोच लिहावा.

घटकांची तुलना करणं गरजेचंच असेल, तर मला तिसरा मार्ग जास्त आवडतो. दोन्ही घटकांसाठी खरोखर घडणारं, समजेल असं अंतर निवडायचं आणि मूळ सहगुणकाला त्याने गुणायचं. या यादीतल्या मधल्या निम्म्या गाड्या पाहिल्या तर वजनाचं अंतर सुमारे ४६७ किलो आहे आणि अश्वशक्तीचं ८३.५. हलक्या टोकाकडून जड टोकाकडे जाताना मायलेज लिटरमागे १.७ किलोमीटर घटतं. कमी अश्वशक्तीच्या टोकाकडून जास्तीच्या टोकाकडे जाताना १.१ किलोमीटर. दोन्ही आकडे किलोमीटरमध्ये आहेत, म्हणून त्यांची तुलना होते, आणि कोणतं अंतर घेतलं ते वाचकासमोर उघड असतं. प्रमाणित सहगुणकात तेच अंतर आत लपलेलं असतं.

आता लिहिण्याकडे येऊ, कारण खरी पडझड तिथे होते. आपल्या उदाहरणात एक विलक्षण योगायोग आहे. वजनाचा मूळ सहगुणक दर १०० किलोमागे उणे ०.३६ आहे आणि अश्वशक्तीचा प्रमाणित सहगुणकही उणे ०.३६ आहे. पहिला म्हणजे लिटरमागे ३६० मीटरची घट. दुसरा म्हणजे प्रमाण विचलनाच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त घट, मीटरमध्ये सुमारे ९३०, आणि तीही तब्बल ६८.६ अश्वशक्तींमागे. अंक तेच आहेत, अर्थांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. सहगुणक कोणता ते शब्दांत न सांगता नुसतं ‘सहगुणक –०.३६’ लिहिणाऱ्याने वाचकाला काहीच सांगितलेलं नसतं.

चिन्हावर विसंबणंही पुरत नाही. मानसशास्त्राच्या नियतकालिकांत `b` म्हणजे मूळ एककांतला आणि `β` म्हणजे प्रमाणित अशी वाट रुळलेली आहे. संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र `β` म्हणजे संपूर्ण समष्टीतला अज्ञात सहगुणक, आणि तो मूळ एककांतलाच असतो. म्हणून अर्थशास्त्राचा किंवा संख्याशास्त्राचा परीक्षक ‘β = –०.६३’ वाचून किलोमीटर शोधू लागला तर चूक त्याची नाही. पहिल्यांदा चिन्ह वापरतानाच ‘β म्हणजे प्रमाणित सहगुणक’ एवढं लिहिलं की हा घोटाळा मिटतो.

वारंवार आढळणारं आणखी एक चुकीचं वाक्य असं: ‘अश्वशक्तीमुळे मायलेजमधला ३६ टक्के बदल स्पष्ट होतो.’ प्रमाणित सहगुणक म्हणजे टक्केवारी नव्हे. दोन्ही घटक मिळून मायलेजमधला किती फरक समजावून देतात हे `R²` सांगतो आणि इथे तो ०.८३ आहे. हा ०.८३ दोघांत वाटून द्यायचा एकमेव मार्ग नाही, कारण दोन्ही घटक आपसात गुंतलेले आहेत. प्रमाणित सहगुणक म्हणजे सहसंबंधही नव्हे. रिग्रेशनमध्ये घटक एकच असेल तेव्हा हे दोन्ही आकडे जुळतात. एकाहून अधिक आणि एकमेकांशी जवळून बांधलेले घटक असतील, तर प्रमाणित सहगुणक १ च्या पुढेही जाऊ शकतो. सहसंबंध कधीच जात नाही.

‘पावणेदोन पट’ वाल्या वाक्यात आणखी एक दोष आहे. ०.६३ आणि ०.३६ हे अंदाज आहेत. ३२ गाड्यांवरून काढलेले त्यांचे ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ०.४२ ते ०.८४ आणि ०.१५ ते ०.५७ असे येतात, म्हणजे बराच भाग एकमेकांवर पडतो. दोन प्रमाणित सहगुणकांतला फरक थेट तपासला तरी तो इतक्या गाड्यांवरून ठामपणे सिद्ध होत नाही. क्रमवारी लिहिण्याआधी हे पाहायलाच हवं.

निष्कर्षाचा परिच्छेद मी असा लिहीन:

‘३२ मोटारींच्या माहितीवर वजन आणि अश्वशक्ती हे दोन घटक घेऊन मायलेजचं (किलोमीटर प्रति लिटर) रेषीय रिग्रेशन केलं. अश्वशक्ती सारखी असलेल्या गाड्यांमध्ये वजनात १०० किलोंचा फरक असेल, तर जड गाडीचं मायलेज सरासरीने ०.३६ किलोमीटर प्रति लिटर कमी आढळलं (b = –०.३६, ९५ टक्के विश्वास अंतराल –०.४८ ते –०.२४; प्रमाणित सहगुणक β = –०.६३). वजन सारखं असलेल्या गाड्यांमध्ये दर १० अश्वशक्तींमागे मायलेज ०.१४ किलोमीटर प्रति लिटर कमी होतं (b = –०.१४, ९५ टक्के विश्वास अंतराल –०.२१ ते –०.०६; β = –०.३६). दोन्ही घटकांनी मिळून मायलेजमधील ८३ टक्के विचरण स्पष्ट झालं.’

यात मुख्य वाक्य मूळ एककांत आहे आणि प्रमाणित आकडा कंसात सोबतीला आहे. विश्वास अंतराल मूळ सहगुणकाचा आहे, म्हणून तो त्याच्याच शेजारी ठेवला आहे. β च्या पुढे तो टाकला असता तर वाचकाने तो β चाच समजला असता. ‘वजन कमी केल्यास मायलेज वाढेल’ असंही मी म्हटलेलं नाही. या ३२ वेगवेगळ्या गाड्या आहेत, एकाच गाडीचं वजन उतरवून केलेला प्रयोग नाही. मूळ सहगुणकही निसर्गनियम नव्हेत: यादीतल्या सर्वांत जड तीन गाड्या वगळून तेच रिग्रेशन केलं, तर वजनाचा सहगुणक –०.३६ वरून –०.४९ वर जातो. हलक्या गाड्यांत उतार जास्त तीव्र आहे, सरळ रेषा तो पूर्ण पकडत नाही, आणि हे निष्कर्षात एका वाक्यात सांगणं प्रामाणिकपणाचं ठरेल.

आरमध्ये प्रमाणित सहगुणक आपोआप छापला जात नाही, त्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. खालचे आकडे मैल, गॅलन आणि हजार पौंडांत येतील, म्हणून वजनासमोर –३.८८ आणि अश्वशक्तीसमोर –०.०३२ दिसतील. शेवटच्या ओळीत मात्र आपलेच –०.६३ आणि –०.३६ येतील.

```
m <- lm(mpg ~ wt + hp, data = mtcars)
summary(m)
confint(m)
coef(lm(scale(mpg) ~ scale(wt) + scale(hp), data = mtcars))
```

दोन्ही रिग्रेशनचा `summary` शेजारी ठेवला तर दोन्ही घटकांची `t` आणि `p` मूल्यं तंतोतंत सारखी दिसायला हवीत, आणि प्रमाणित समीकरणातला स्थिरांक शून्य यायला हवा. तसं झालं नाही, तर बहुतेक वेळा कारण रिकाम्या नोंदींत सापडतं. काही प्रतिसादकांनी एखादा प्रश्न सोडलेला असतो. `scale` प्रत्येक घटकाचं प्रमाण विचलन त्या घटकाच्या उपलब्ध सगळ्या नोंदींवर काढतो, आणि रिग्रेशन मात्र सर्व उत्तरं पूर्ण असलेल्याच नोंदी घेतं. अशा वेळी `t` आणि `p` जुळतातही, पण स्थिरांक शून्यापासून सरकतो आणि छापलेले आकडे खरे प्रमाणित सहगुणक राहत नाहीत. उपाय सोपा आहे: अपूर्ण नोंदी आधी बाजूला काढायच्या, मग उरलेल्यांवर प्रमाणीकरण करायचं, आणि किती नोंदी उरल्या तो आकडा परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात लिहायचा.